पातेल्यातला ढोकळा आणि सोड्याचं घड्याळ



मध्यंतरी एका बचत गटाच्या बैठकीला जाणं झालं. तिथं ढोकळापात्र विकत घ्यायचं का, यावर बोलणं चाललं होतं. झालं होतं असं, की गटाला एका कार्यक्रमासाठी ढोकळ्याच्या ऐंशी वड्यांची ऑर्डर मिळाली. पहिलीच ऑर्डर, सगळ्या उत्साहात. सव्वा किलो बेसन आणलं, पीठ भिजवलं, मोठ्या पातेल्यात एकेक थाळी ठेवून पाच थाळ्या उकडल्या. पहिली थाळी कापसासारखी झाली. दुसरी जेमतेम बरी. तिसरी, चौथी, पाचवी मात्र पार बसल्या. पिठलं थापून वड्या पाडाव्यात तशा. बत्तीस वड्या दिल्या, बाकीचे पैसे परत केले आणि बसलेल्या थाळ्या घरोघरी वाटून संपवल्या. दिवसभराच्या कष्टांचं हातात काही उरलं नाही.

बैठकीत सगळ्यांचं मत पडलं, पातेल्यात ढोकळा नीट होत नाही, बचतीतून पात्र घेऊ या. मी एवढंच विचारलं, की पहिली थाळी कशात उकडली होती? तर त्याच पातेल्यात. चूलही तीच, बेसनही तेच. मग पात्राचा दोष कसा?

थोडं खोदून विचारल्यावर कळलं. त्यांनी सव्वा किलोचं सगळं पीठ एकाच भांड्यात कालवलं आणि सोडाही सगळ्यात एकदमच घातला. पातेल्यात थाळी मावते एक. एका थाळीला वीस मिनिटं धरली तरी तिसऱ्या थाळीचा नंबर लागेपर्यंत पाऊण तास होऊन गेला होता. तोवर सोड्यातला दम निघून गेला. पात्र आणलं असतं आणि सोडा असाच घातला असता, तरी जास्तीचं पीठ असंच बसलं असतं.

म्हणून आज आपण साध्या पातेल्यात ढोकळा कसा उकडायचा ते बघू आणि त्यातही हे सोड्याचं घड्याळ नीट समजून घेऊ. शेवटी वाटीतल्या इडलीचंही थोडं बोलू.

आधी भांड्याचं बघू. खरं तर वाफवायचं पात्र ही आपल्याला नवी गोष्ट नाही. अळूवडी, कोथिंबीरवडी, उकडीचे मोदक आपण चाळणीवर उकडतच आलो. ढोकळ्याला फरक एवढाच, की पीठ पातळ असतं, म्हणून चाळणीऐवजी काठ असलेली थाळी किंवा सपाट बुडाचा डबा लागतो. आठ इंच रुंद आणि दोन इंच काठ असलेली थाळी घ्या. पाव किलो बेसनाला ती बरोबर पुरते. पीठ ओतल्यावर ती अर्धीच भरली पाहिजे, कारण फुगल्यावर पीठ जवळजवळ दुप्पट होतं.

पातेलं थाळीपेक्षा रुंद हवं. आठ इंचाच्या थाळीला अकरा इंचाचं पातेलं घेतलं, तर चारी बाजूंनी दीड-दीड इंच मोकळी जागा राहते. ही जागा महत्त्वाची. वाफ खालून येते आणि तिला थाळीच्या कडेने वर जाऊन झाकणाखाली फिरायचं असतं. थाळी पातेल्यात अगदी घट्ट बसत असेल, तर वाफ खालीच कोंडते. मग ढोकळा बुडाशी शिजतो आणि वर ओला, चिकट राहतो.

पातेल्यात दीड इंच पाणी घाला. अकरा इंचाच्या पातेल्यात ते दोन-सव्वादोन लिटर होतं. थाळी पाण्याला टेकता कामा नये, म्हणून खाली काहीतरी आधार लागतो. लोखंडी किंवा स्टीलची कडी असेल तर उत्तम. नसेल तर आपण सहसा वाटी पालथी घालतो, पण तिथं एक गंमत होते. पालथ्या वाटीखाली हवा आणि वाफ कोंडते, पाणी खळखळलं की वाटी नाचायला लागते आणि वरची थाळी कलते. ढोकळा मग एकीकडे जाड, एकीकडे पातळ. वाटी सुलटी ठेवा, तिच्यात पाणी भरा, म्हणजे ती जड होऊन जागेवर बसते. दोन-सव्वादोन इंच उंचीच्या जड बुडाच्या तीन वाट्या ठेवल्या, की थाळी हलत नाही. पाणी आणि थाळीचं बूड यांच्यात बोटभर तरी अंतर राहू द्या. नाहीतर उकळत्या पाण्याचे शिंतोडे थाळीला लागत राहतात.

पातेलं ॲल्युमिनियमचं असेल तर पाण्यात लिंबाची पिळलेली फोड टाका, आतून काळं पडत नाही. एक स्टीलचा चमचा किंवा धुतलेलं नाणंही टाका. पाणी उकळत असेपर्यंत ते खडखडत राहतं. आवाज बंद झाला, की समजायचं पाणी आटलं किंवा जाळ मंदावला. झाकण न उघडता आत काय चाललंय ते यावरून कळतं.

आता झाकण. बहुतेक ढोकळे वरून खराब होतात ते झाकणामुळं. वाफ झाकणाला लागली की तिचं पाणी होतं आणि ते थेंब टपटप ढोकळ्यावर पडतात. जिथं थेंब पडेल तिथं खळगा पडतो, वरचा थर चिकट होतो. त्यासाठी झाकणाला आतून कोरडं सुती फडकं लावून त्याची चारही टोकं वर घेऊन मुठीपाशी गाठ मारायची. फडकं सगळं पाणी शोषून घेतं. टोकं खाली लोंबत ठेवू नका, चुलीवर तर नाहीच नाही, पेट घेईल. झाकण हलकं असेल तर वर खलबत्ता ठेवा, पण कणकेनं किंवा आणखी कशानं तोंड बंद करू नका. थोडी वाफ बाहेर जायलाच हवी.

कुकर वापरणार असाल तर शिट्टी काढून ठेवायची. शिट्टीच नाही म्हटल्यावर मोजायलाही काही उरत नाही, तेव्हा घड्याळ समोर ठेवा.

भांडं झालं, आता पीठ. एका थाळीचं प्रमाण सांगते. पाव किलो बारीक बेसन, चाळलेलं. लाडवाचं जाडसर बेसन घेऊ नका, ढोकळा रवाळ होतो आणि चिरताना भुगा पडतो. गिरणीतून डाळ दळून आणत असाल, तर आधी कुणाची ज्वारी-बाजरी दळली होती का तेवढं बघा. त्यातलं पीठ मिसळलं की ढोकळा जड होतो.

त्यात एक सपाट चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे दुकानात लिंबूफूल म्हणून खड्यांसारखं मिळतं ते. एक सपाट चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर, दोन मोठे चमचे तेल, चिमूटभर हळद. सपाट चमचा म्हणजे चहाचा लहान चमचा भरायचा आणि वरचा ढीग सुरीच्या पाठीनं काढून टाकायचा. इथं अंदाज चालत नाही. लिंबूसत्त्व आणि मीठ आधी पाण्यात विरघळवून घ्या, नाहीतर खडे तसेच राहतात आणि त्या घासाला दात आंबतात.

पाणी साधारण ३०० मिलिलिटर. अर्ध्या लिटरच्या बाटलीतलं अर्ध्याहून थोडं जास्त. सगळं एकदम ओतू नका, आधी थोडं घालून गुठळ्या मोडा, मग बाकीचं. पीठ भज्याच्या पिठापेक्षा सैल आणि धिरड्याच्या पिठापेक्षा घट्ट हवं. चमच्यातून सोडलं की रिबिनीसारखं सलग पडतं आणि पडलेली घडी क्षणभर वर दिसून विरते. फार पातळ झालं तर बुडबुडे पिठात थांबत नाहीत, वर येऊन फुटतात. फार घट्ट झालं तर पीठ उचललंच जात नाही, मधे टेकडीसारखं वर येऊन तडकतं.

कालवण्यासाठी भांडं स्टीलचं घ्या. आंबट पीठ ॲल्युमिनियममध्ये किंवा कल्हई गेलेल्या पितळेत ठेवायचं नाही.

एकाच दिशेनं फेटा, असं आपल्याला सगळ्यांनी सांगितलेलं असतं. दिशा कुठलीही असो, पिठात हवा जाणं आणि गुठळी न राहणं महत्त्वाचं. तीन-चार मिनिटं चांगलं फेटा, की पिठाचा रंग जरा फिका होतो. मग झाकून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. तेवढ्यात बेसन पाणी पितं. या पिठात अजून सोडा नाही, हे ध्यानात ठेवा. सोडा नसलेलं पीठ तुमची वाट बघतं. सोडा पडला की वाट तुम्हाला बघता येत नाही.

कारण काय, ते सांगते. सोडा आणि आंबट एकमेकांना भेटले, की वायू सुटतो. लिंबू-सोड्याच्या पेल्यात जो फस्सकन वर येतो तोच. त्याचे बारीक बुडबुडे पिठात अडकतात. पण पीठ ओलं असताना ते बुडबुडे कायमचे अडकलेले नसतात, हळूहळू वर येऊन फुटत राहतात. त्यांना पकडून ठेवायचं काम वाफेचं. पीठ तापलं की बुडबुड्यांतला वायू फुगतो, पीठ वर उचलतं आणि त्याच वेळी बेसन शिजून घट्ट होतं. बुडबुडा जिथं असेल तिथं त्याचं भोक कायम राहतं. याचंच नाव जाळी.

म्हणजे ही दोघांची शर्यत आहे. बुडबुडे निघून जायच्या आत पीठ शिजलं तर जाळी पडली, पीठ शिजायच्या आत बुडबुडे गेले तर ढोकळा बसला. म्हणून पातेल्यातलं पाणी आधी खळखळून उकळत असलं पाहिजे. थंड पाण्यावर थाळी ठेवून मग जाळ केला, तर पाणी उकळायला दहा-बारा मिनिटं जातात आणि तेवढ्यात शर्यत हरलेली असते.

तेव्हा क्रम असा. चुलीवर पाणी ठेवा, झाकण घाला. थाळीला तेलाचा हात फिरवून ठेवा. पाणी उकळून झाकणाच्या कडेनं वाफ यायला लागली, की मगच सोडा हातात घ्यायचा. चुलीत वाळकी लाकडं सरकवून जाळ पुढची वीस मिनिटं टिकेल असा करून ठेवा. मधेच फुंकणी घेऊन बसायची वेळ येता कामा नये.

आता पाव किलोच्या पिठात एक सपाट चमचा खाण्याचा सोडा भुरभुरवा, त्यावर दोन चमचे पाणी घाला आणि भराभर ढवळा. पीठ लगेच फुगून हलकं होतं, रंग फिकट होतो. अर्ध्या मिनिटात सोडा सगळीकडे लागतो, मग थांबायचं. आणखी फेटत बसलं की आपणच बुडबुडे फोडतो. पीठ थाळीत ओता आणि सरळ वाफेत. सोडा पडल्यापासून झाकण बसेपर्यंत दोन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

लिंबूसत्त्व आणि सोडा सारखेच का घेतले, तर दोघं एकमेकांना पुरे पडावेत म्हणून. या मापात आंबट थोडंसं उरतं आणि ढोकळ्याला तेवढं हवंच असतं. लिंबूसत्त्व नसेल तर लिंबाचा रस चालतो, पण एका चमच्याला चार रसदार लिंबं तरी लागतील, आणि तेवढं पाणी कमी घालायचं. फ्रूट सॉल्टच्या पुडीत सोडा आणि आंबट दोन्ही आधीच असतं. ती वापरली तर वेगळा सोडा घालायचा नाही आणि लिंबूसत्त्व चवीपुरतं चिमूटभर.

जास्त फुगावा म्हणून सोडा वाढवणं, ही आपली नेहमीची चूक. सोडा वाढला की बुडबुडे मोठे होतात, एकमेकांत मिसळून फुटतात आणि फुगलेला ढोकळा मधे खचतो. शिवाय उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव लागते. हळदीचे लालसर ठिपके पडतात ते यामुळंच. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तसंच. ठिपके दिसले की समजा, सोडा जास्त झाला किंवा नीट मिसळला नाही.

झाकण घातलं की पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. पहिल्या दहा मिनिटांत पीठ फुगलेलं असतं पण मधे अजून कच्चं असतं. त्या वेळी झाकण उघडलं तर गार हवा आत जाते, बुडबुडे आकसतात आणि ढोकळा डोळ्यांदेखत खाली बसतो. एकदा बसलेला पुन्हा वाफ दिली तरी उठत नाही. आत डोकवायची घाई आपल्याला भारी असते, पण त्यासाठीच तर चमचा टाकलाय पाण्यात. कान द्या.

पंधरा मिनिटांनी झाकण उघडा, पण आपल्याकडे नाही, पलीकडच्या बाजूनं. वाफेचा चटका उकळत्या पाण्याइतकाच वाईट असतो आणि तो थेट तोंडावर येतो. पोरं जवळ असतील तर आधी दूर करा. सुरीचं टोक ढोकळ्याच्या अगदी मध्यभागी खुपसा. कडेला नाही, कड आधीच शिजलेली असते. सुरी कोरडी निघाली आणि ढोकळा कडेनं थाळी सोडायला लागला असेल, तर झाला. पीठ चिकटलं तर झाकण घालून आणखी तीन-चार मिनिटं. थाळी जाड असेल किंवा पीठ जास्त उंच भरलं असेल, तर वीस मिनिटंही लागतात.

थाळी बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटं निवू द्या. गरम असताना सुरी लावली तर जाळी दाबली जाते आणि सुरीला लगदा चिकटतो. निवल्यावर वड्या पाडा. आठ इंचाच्या गोल थाळीतून सोळा चांगल्या वड्या निघतात, कडेचे तुकडे घरच्यांना.

बेसनाचा ढोकळा कितीही हलका झाला तरी नुसता खाल्ला तर घशात अडकतो. म्हणून फोडणीत पाणी लागतं. दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हिरवी मिरची, कढीपत्ता. मोहरी तडतडली की भांडं खाली उतरवून जरा निवू द्या, मग जपून अर्धी वाटी पाणी आणि एक चमचा साखर घालून एक उकळी आणा. ही फोडणी वड्यांवर सगळीकडून चमच्यानं घाला. जाळी नीट पडली असेल तर ढोकळा पाणी पटकन पिऊन टाकतो. फोडणी वरच तरंगत राहिली आणि कडेनं वाहून गेली, तर समजा आत जाळी नाही.

आता त्या गटाच्या ऐंशी वड्यांकडे येऊ. आम्ही पुढच्या बैठकीत पुन्हा त्याच पातेल्यात पाच थाळ्या करून बघितल्या. कशा, ते सांगते.

सव्वा किलो बेसन, दीड लिटर पाणी, पाच सपाट चमचे लिंबूसत्त्व आणि बाकीचं सगळं पाचपट. हे पीठ एकदाच कालवलं, सोडा न घालता. मग पाच भांड्यांत सारखं वाटून झाकून ठेवलं. पाच भांडी नसतील तर एकाच तांब्याचं माप ठरवून घ्यायचं. मुद्दा एवढाच, की एका वेळी एकाच थाळीचं पीठ सोड्याला भेटायला हवं.

एका बाईकडे चूल आणि पाणी. दुसरीकडे सोडा, ढवळणं आणि थाळी. तिसरीकडे घड्याळ, आणि दुसऱ्या चुलीवर उकळत्या पाण्याचं भांडं. पहिली थाळी आत गेली की दुसऱ्या थाळीला तेल लावून तयार ठेवायची, पण सोडा नाही. पहिली बाहेर आली की पातेल्यात कमी झालेलं पाणी भरायचं, तेही उकळतंच. इथं गार पाण्याचा तांब्या ओतला की उकळी मोडते आणि पुन्हा पाच-सात मिनिटं जातात. पुन्हा खळखळलं, झाकणाच्या कडेनं वाफ आली, की मग दुसऱ्या भांड्यात सोडा. ओलं झालेलं झाकणाचं फडकंही दर थाळीला बदलायचं, नाहीतर तेच पाणी गाळायला लागतं. दोन-तीन फडकी हाताशी ठेवा.

एका थाळीला सगळं धरून अर्धा तास गेला, पाच थाळ्यांना अडीच तास. शेवटच्या भांड्यातलं पीठ तोवर थोडं घट्ट झालं होतं, कारण बेसन पाणी पीतच राहतं. त्यात दोन चमचे पाणी जास्त घालून सैल केलं आणि मगच सोडा घातला. पाचवी थाळी पहिलीइतकीच वर आली. सुरी घालून बघायला बायकांची गर्दी झाली होती.

पात्र घ्यायचं की नाही, ते गटानं अजून पक्कं केलेलं नाही. माझं मत विचारलंत तर आठवड्याला दोन-तीन मोठ्या ऑर्डरी असतील तर घ्यावं, कारण एकावर एक थाळ्या बसतात आणि अडीच तासांचं काम तासाभरात होतं. वेळ आणि सरपण वाचतं. पण ढोकळा हलका होण्यासाठी पात्र लागत नाही. महिन्यातून एखादी ऑर्डर असेल तर पातेलं पुरे.

आता इडलीचं. तिच्यात सोडा नाही, फुगवायचं काम आंबवण्यातून होतं, म्हणून तिचं घड्याळ संथ चालतं. तीन वाट्या उकडा किंवा साधा जाडा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, पाव चमचा मेथीदाणे. तांदूळ वेगळा, डाळ-मेथी वेगळी, पाच-सहा तास भिजवा. डाळ गार पाण्याचा थोडा थोडा हबका मारत अगदी गुळगुळीत आणि फुगेपर्यंत वाटायची. पिठाचा थेंब वाटीभर पाण्यात टाकून बघा. तरंगला तर डाळ नीट वाटली गेली, बुडाला तर अजून वाटा. इडलीचा हलकेपणा निम्मा इथंच ठरतो. तांदूळ मात्र बारीक रव्यासारखा ठेवायचा. दोन्ही मीठ घालून हातानं कालवा आणि मोठ्या भांड्यात झाकून ठेवा. उन्हाळ्यात आठ-दहा तास, थंडीत चुलीजवळ ठेवलं तरी कधी पंधरा-सोळा तास लागतात. घड्याळापेक्षा पीठ बघा. फुगून दीडपट-दुप्पट झालं, वर बुडबुडे दिसले, आंबूस वास आला की तयार. तयार झाल्यावर खसाखसा ढवळू नका, डावानं अलगद घ्या.

साचा नसेल तर वाट्या चालतात. गोव्यात सान्नांही वाटीसारख्या छोट्या भांड्यांत उकडतात. स्टीलच्या लहान, पसरट वाट्यांना तेल लावून त्या निम्म्याहून थोड्या जास्त भरा. वाटी खोल असली आणि काठोकाठ भरली तर इडली मधे कच्ची राहते. वाट्या चाळणीत किंवा सपाट ताटलीत मांडून वरच्यासारख्याच उकळत्या पाण्यावर ठेवा, झाकणाला फडकं लावा. दहा-बारा मिनिटं. वाटी जरा खोल असेल तर पंधरा.

याहून सोपं म्हणजे, पातेल्याच्या तोंडाला ओलं सुती कापड ताणून सुतळीनं घट्ट बांधा, त्यावर डावानं पीठ घाला आणि वर खोलगट झाकण ठेवा. वाफ कापडातून थेट पिठाला लागते. कापड सैल असेल तर मधे झोळी होऊन पाण्याला टेकतं, म्हणून ताणून बांधायचं आणि पाणी पातेल्याच्या निम्म्याहून कमीच ठेवायचं. टोकं इथंही वर खोचायची.

इडली उतरवल्यावर दोन-तीन मिनिटं थांबा. मग चमचा पाण्यात बुडवून वाटीच्या कडेनं फिरवला की इडली सबंध निघते. लगेच काढायला गेलात तर निम्मी वाटीलाच चिकटून राहते. कापडावरची असेल तर कापड उलटं करून पाठीमागून पाण्याचा हबका मारा, आपोआप सुटते.